सारखाच आकडा, वेगळी चाल

मोबाईलच्या दुकानात काउंटरवर दोन फोन शेजारी ठेवलेले असतात. दोघांच्याही खोक्यावर '१२० हर्ट्झ' ठळक छापलेलं, किमतीत मात्र जवळपास दुपटीचा फरक. गिऱ्हाईक दोन्हींवर सेटिंग्जचं पान उघडतं, अंगठ्याने वर-खाली सरकवून बघतं आणि त्यातला एक खाली ठेवत म्हणतं, "हा जरा अडकतोय हो." दुकानदार खोक्यावरच्या आकड्याकडे बोट दाखवतो. आकडा तर तोच आहे. गंमत म्हणजे दोघंही खरंच बोलत असतात.

कारण खोक्यावरचा आकडा पडद्याबद्दल सांगतो, फोनबद्दल नाही. रिफ्रेश रेट १२० हर्ट्झ म्हणजे पडदा सेकंदातून १२० वेळा नवं चित्र दाखवायला तयार असतो, दर ८.३३ मिलिसेकंदांनी एकदा. त्या क्षणी दाखवायला नवं चित्र हजर आहे का, ते पडदा विचारत नाही. चित्र, म्हणजे फ्रेम, तयार करायचं काम प्रोसेसर, ग्राफिक्स चिप, अँड्रॉइड किंवा आयओएस आणि ते अ‍ॅप यांनी मिळून करायचं असतं. पडदा म्हणजे वेळापत्रकाने धावणारी लोकल. दर ८.३३ मिलिसेकंदांनी गाडी सुटते. फ्रेम फलाटावर पोचलेली असेल तर चढते, अर्ध्या मिलिसेकंदाने चुकली तरी पुढच्या गाडीची वाट बघावी लागते, आणि मधली गाडी जुनंच चित्र घेऊन रिकामी जाते. वेळापत्रक दोन्ही फोनांचं सारखं असलं तरी प्रवासी वेळेवर पोचतात की नाही, हे त्यात कुठेच लिहिलेलं नसतं.

हा फरक नेमका कुठून येतो, हे समजून घ्यायचं तर एकाच स्क्रोलकडे नीट बघावं. प्रत्येक स्क्रोलचे दोन भाग असतात. पहिल्या भागात बोट काचेवर असतं आणि पान बोटाबरोबर सरकत असतं. दुसऱ्या भागात आपण झटका देऊन बोट उचललेलं असतं आणि पान स्वतःच्या वेगाने धावत हळूहळू थांबतं. या दोन भागांत दोन वेगळ्या गोष्टींची परीक्षा होते. बोट काचेवर असताना प्रश्न असतो उशिराचा, म्हणजे पान बोटाच्या किती मागे आहे. बोट उचलल्यावर तुलना करायला बोटच उरत नाही, तेव्हा प्रश्न राहतो लयीचा, म्हणजे फ्रेमा समान अंतराने येतात की नाही. पहिल्याला टच लेटन्सी म्हणतात, दुसऱ्याला फ्रेम पेसिंग. एखादा फोन पहिल्यात उत्तम आणि दुसऱ्यात नापास असू शकतो, किंवा नेमकं उलटं.

बोट पुढे, पान मागे

बोट हललं आणि पान हललं, या दोन घटनांमध्ये बरीच मंडळी काम करत असतात. काचेखालचा टच कंट्रोलर ठरावीक अंतराने संपूर्ण पडदा तपासतो आणि बोट कुठे आहे ते काढतो. याच वेगाला टच सॅम्पलिंग रेट म्हणतात, आणि तो रिफ्रेश रेटपेक्षा पूर्णपणे वेगळा असतो. मग ती जागा अ‍ॅपपर्यंत पोचते. अ‍ॅप पुढची फ्रेम सुरू होण्याची वाट बघतं, पान कुठे सरकवायचं ते ठरवतं आणि चित्र काढतं. त्यानंतर अँड्रॉइडमधला सरफेसफ्लिंगर नावाचा भाग अ‍ॅपचं चित्र, वरची घड्याळ-बॅटरीची पट्टी आणि खालची बटणं एकत्र बसवून एक अखेरचं चित्र करतो. शेवटी पडदा ते चित्र वरून खाली ओळीओळीने दाखवतो.

दोन फोन घेऊन याचा अंदाजे हिशेब मांडू. आकडे समजण्यापुरते, सोयीसाठी पूर्ण केलेले आहेत. पहिल्या फोनचा टच कंट्रोलर सेकंदाला २४० वेळा पडदा तपासतो. तपासणीची वाट आणि खुद्द तपासणी मिळून सरासरी ६ मिलिसेकंद. पुढची फ्रेम सुरू होईपर्यंत सरासरी ४. अ‍ॅपचं काम एक फेरी, म्हणजे ८. सरफेसफ्लिंगरची जुळवाजुळव आणखी एक फेरी, म्हणजे ८. पडद्याच्या मध्यापर्यंत ओळी उतरायला ४. एकूण झाले ३० मिलिसेकंद.

दुसऱ्या फोनचा पडदा तोच, पण टच कंट्रोलर सेकंदाला १२० वेळाच तपासतो. तिथे ६ च्या जागी १२ गेले. हा कंट्रोलर स्वस्तातला असल्याने त्याच्या मोजणीत थरथर जास्त आहे. ती लपवण्यासाठी त्याचं फर्मवेअर ताज्या जागेत आधीची जागा मिसळून सरासरी काढतं, त्याचे आणखी ८. शिवाय अ‍ॅपने काढलेली एक फ्रेम कायम रांगेत थांबलेली असते, तिचे ८. हा उशीर झाला ५२.

३० आणि ५२ हे आकडे ऐकायला क्षुल्लक वाटतात. पण अंगठा सेकंदाला २० सेंटिमीटर या साध्या वेगाने सरकत असेल, तर ३० मिलिसेकंदांत तो ६ मिलिमीटर पुढे जातो आणि ५२ मध्ये १० मिलिमीटरच्या वर. म्हणजे ज्या ओळीवर बोट ठेवून आपण पान ओढायला घेतलं, ती ओळ दुसऱ्या फोनवर बोटापासून जवळपास एक सेंटिमीटर मागे राहते. पान 'जड' वाटतं, रबराने बांधून ओढल्यासारखं वाटतं ते यामुळेच. मायक्रोसॉफ्टच्या अप्लाइड सायन्सेस गटातल्या पॉल डिट्झ यांनी २०१२ साली एका प्रयोगपटावर हेच दाखवलं होतं. पडद्यावरचा एक पांढरा चौकोन बोटाने सरकवताना १०० मिलिसेकंद उशीर असेल तर चौकोन बोटापासून लांब रेंगाळतो, १० ला तो बराच जवळ येतो आणि १ मिलिसेकंदाला बोटाला चिकटल्यासारखा चालतो. त्या प्रयोगात बदललं होतं ते फक्त उशिराचं प्रमाण.

स्क्रोल करताना हा उशीर सगळ्यात स्पष्ट दिसतो तो वळणावर. अंगठा न उचलता पान भराभर वर-खाली, वर-खाली घुसळून बघा. उशीर जास्त असलेल्या फोनवर अंगठा खाली वळलेला असतो आणि पान अजून वरच चाललेलं असतं. एका संथ, सरळ ओढीत हे लक्षात येत नाही, कारण पान मागे असलं तरी त्याच वेगाने चाललेलं असतं. दुकानात बहुतेक लोक नेमकी तीच संथ ओढ देऊन बघतात.

इथे एक गोष्ट वेगळी काढायला हवी. बोट टेकवून सरकवायला लागल्यावर पान पहिले काही क्षण हलतच नाही, हा दोष नाही. बोट टेकवलं म्हणजे बटण दाबायचं आहे की पान सरकवायचं आहे, हे फोनला कळायला हवं. म्हणून अँड्रॉइड बोट ठरावीक अंतर सरकेपर्यंत थांबतं. हे अंतर मुळात ८ डीपी, म्हणजे सव्वा मिलिमीटरच्या आसपास असतं. कंपनीला ते कमीजास्त करता येतं. कमी ठेवलं तर फोन चपळ वाटतो, पण बटण दाबायला जावं आणि पान सरकावं असं व्हायला लागतं.

वेळेवर आलेली चुकीची फ्रेम

टचचा घोळ नुसत्या उशिरावर थांबत नाही. तो लयही बिघडवू शकतो, तेही सगळ्या फ्रेमा अगदी वेळेवर आलेल्या असताना. याचं चांगलं उदाहरण म्हणजे २०१९ साली आलेला गूगलचा पिक्सेल ४. त्याचा पडदा ९० हर्ट्झचा आणि टच १२० हर्ट्झचा होता. टचचा वेग पडद्यापेक्षा जास्त, म्हणजे चांगलंच म्हणायला हवं. पण गणित करून बघा. पडद्याच्या दर तीन फ्रेमांमागे टचच्या चार नोंदी येतात. चार नोंदी तीन फ्रेमांत समान वाटता येत नाहीत. एका फ्रेमच्या वाट्याला एक नोंद, दुसरीलाही एक, तिसरीला दोन.

समजा बोट सेकंदाला १८०० पिक्सेल या एकसारख्या वेगाने सरकतंय. टचच्या दोन नोंदींमध्ये ते १५ पिक्सेल जातं. अ‍ॅपने हाती आलेली शेवटची नोंद जशीच्या तशी वापरली तर पान पहिल्या फ्रेमला १५ पिक्सेल सरकेल, दुसऱ्या फ्रेमला १५ आणि तिसऱ्या फ्रेमला ३०. मग पुन्हा १५, १५, ३०. खरं तर ते दर फ्रेमला २० सरकायला हवं. एकही फ्रेम चुकलेली नाही, फ्रेमा मोजणारं कुठलंही साधन पूर्ण ९० दाखवेल, आणि तरी अक्षरं थरथरत वर जाताना दिसतील.

यावर अँड्रॉइडने उपाय फार पूर्वीच करून ठेवला आहे. फ्रेम सुरू होताना ते शेवटची नोंद तशीच उचलत नाही. त्या क्षणाच्या ५ मिलिसेकंद आधी बोट कुठे असेल, ते आसपासच्या दोन नोंदींवरून गणिताने काढतं. नवी नोंद अजून आलेली नसेल तर आधीच्या वेगावरून थोडं पुढचं भाकीत करतं, तेही जास्तीत जास्त ८ मिलिसेकंदांपर्यंतच, कारण त्यापुढे भाकीत चुकण्याचा धोका वाढतो. यामुळे १५, १५, ३० च्या जागी २०, २०, २० मिळतात. किंमत म्हणून किंचित उशीर पदरात पडतो.

पण हा उपाय अँड्रॉइडच्या नेहमीच्या साच्यातून बनलेल्या अ‍ॅपलाच आपोआप मिळतो. पान स्वतःच्या यंत्रणेने रंगवणाऱ्या अ‍ॅपना तो वेगळा करावा लागतो. फ्लटर ही गूगलचीच अ‍ॅप बनवण्याची यंत्रणा. तिच्यात ही सोय २०२० साली आली, आणि त्या वेळी उदाहरण दिलं होतं ते याच पिक्सेल ४ चं. ती सोयही आपोआप चालू नसते, अ‍ॅप लिहिणाऱ्याने ती चालू करावी लागते. एकाच फोनवर सेटिंग्जचं पान लोण्यासारखं सरकतं आणि एखाद्या खरेदीच्या अ‍ॅपमधली यादी मात्र थरथरते, यामागे असंही कारण असू शकतं. तसंच, जाहिरातीत टच सॅम्पलिंगचा आकडा हजारांच्या घरात दिसला तर तो कधी लागू होतो ते बघावं. अनेक फोनांत तो फक्त गेम मोडमध्ये चालू होतो, रोजच्या स्क्रोलला त्याचा उपयोग नसतो.

बोट उचलल्यावर

आता दुसरा भाग. झटका देऊन बोट उचललं. पान सेकंदाला ३००० पिक्सेल वेगाने धावतंय असं धरू. १२० हर्ट्झच्या पडद्यावर ते दर फ्रेमला २५ पिक्सेल पुढे दिसायला हवं. पहिला फोन प्रत्येक फ्रेम वेळेत देतो, त्यामुळे पान २५, २५, २५, २५ असं सरकत जातं.

दुसऱ्या फोनला एक फ्रेम बनवायला जास्त वेळ लागला. त्या फेरीत पडद्याला नवं चित्र मिळालं नाही म्हणून त्याने जुनंच पुन्हा दाखवलं, आणि पुढच्या फेरीत पान एकदम दुप्पट उडी मारून पुढे आलं. म्हणजे सरकणं झालं २५, २५, ०, ५०, २५. पान एकूण तेवढंच गेलं, पण मध्ये एक गचका बसला. अ‍ॅप बनवणारे याला जँक म्हणतात.

एवढा बारीक गचका डोळ्याला दिसतो कसा? सरकतं पान वाचताना आपला डोळा एका जागी स्थिर नसतो. तो मजकुराच्या वेगाने, त्याच्या बरोबर फिरत असतो आणि पुढच्या क्षणी ओळ कुठे असेल याचा अंदाज धरून चालतो. पान एका फेरीपुरतं थांबलं तरी डोळा थांबत नाही, तो २५ पिक्सेल पुढे जातो. एका इंचात ४०० पिक्सेल असलेल्या पडद्यावर २५ पिक्सेल म्हणजे दीड मिलिमीटरहून थोडं जास्त. वाचायच्या अक्षराच्या उंचीइतकी ही चूक आहे. ती क्षणभरच टिकते, पण डोळ्यासमोर अक्षर दुणावल्यासारखं होतं आणि पान 'अडकल्याचं' जाणवतं.

सरासरीचा आकडा इथे साफ फसवतो. सेकंदाला दहा फ्रेमा चुकल्या तरी फोन ११० फ्रेमा दाखवतोच, आणि ११० हा आकडा कागदावर छान दिसतो. पण त्या सेकंदात दहा गचके बसलेले असतात. याउलट एखादा जुना ६० हर्ट्झचा फोन दर फेरीला न चुकता ५०, ५०, ५० असा सरकत असेल, तर तो जास्त पुसट दिसेल, पण त्याची चाल एकसारखी असेल. अनेकांना ती लंगडत्या ११० पेक्षा बरी वाटते. गुळगुळीतपणा किती फ्रेमा आल्या यावर कमी आणि त्या किती समान अंतराने आल्या यावर जास्त ठरतो.

फ्रेमा चुकतात का? स्क्रोल करणं हे प्रोसेसरला फार जड काम नाही. अडचण अशी की ते अचानक येतं. फोन हातात नुसता धरलेला असताना प्रोसेसर बॅटरी वाचवण्यासाठी अगदी कमी वेगावर झोपल्यासारखा असतो. बोट टेकताच त्याला जागं व्हायचं असतं. यादीत खालून नवा फोटो, नवं नाव, नवी बटणं येत असतात. ती मांडायची, फोटो उलगडायचा आणि हे सगळं ८.३३ मिलिसेकंदांच्या आत. काम प्रोसेसरच्या छोट्या, कमी ताकदीच्या कोअरवर पडलं किंवा वेग वाढायला दोन-चार फेऱ्या गेल्या, की पहिल्या काही फ्रेमा हमखास चुकतात. म्हणून बोट लागताक्षणी वेग थोडा वाढवून ठेवायची पद्धत आहे. तो किती वाढवायचा आणि किती वेळ टिकवायचा, हे प्रत्येक कंपनी आपल्या परीने ठरवते. दोन फोनांत अगदी तीच चिप असूनही चाल वेगळी दिसते, ती बरेचदा या एका निर्णयामुळे. बॅटरी जास्त टिकल्याचं दाखवायचं तर इथेच हात आखडता घेतला जातो.

बाकीची कारणं ओळखीची आहेत. रॅम कमी पडली की फोन मागच्या अ‍ॅपचा पसारा आवरण्यात गुंततो. स्टोरेज मंद किंवा गच्च भरलेलं असेल तर फोटो वाचायलाच वेळ लागतो. फोन तापला की चिप स्वतःहून वेग उतरवते, त्यामुळे सकाळी लोण्यासारखा चालणारा फोन मे महिन्यातल्या दुपारी उन्हात अडखळायला लागतो. यातली प्रत्येक गोष्ट फेरी चुकवते, पण रिफ्रेश रेटचा आकडा तसाच राहतो.

रांगेची किंमत

इथे कुणीही विचारेल, मग फ्रेमा आधीच बनवून का ठेवत नाहीत? ठेवतात. २०१२ साली अँड्रॉइड ४.१ बरोबर गूगलने 'प्रोजेक्ट बटर' नावाखाली स्क्रोल सुधारायचं मोठं काम केलं. त्यात फ्रेम बनवण्याचं काम पडद्याच्या ठोक्याला बांधलं गेलं आणि गरज पडली तर दोनऐवजी तीन फ्रेमांची जागा वापरायची सोय झाली. पडदा एक दाखवतोय, दुसरी तयार होऊन थांबली आहे आणि अ‍ॅप तिसरी रंगवतंय. एखादी फ्रेम बनवायला जास्त वेळ लागला तरी थांबलेली फ्रेम पुढे करता येते आणि गचका टळतो.

पण रांगेत थांबलेली फ्रेम म्हणजे शिळी फ्रेम. ती बनली तेव्हा बोट जिथे होतं, तिथलं चित्र तिच्यात आहे. रांगेत एक फ्रेम वाढली की लय सुधारते आणि उशीर ८.३३ मिलिसेकंदांनी वाढतो. वाईट म्हणजे, एकदा फेरी चुकल्यावर जमलेली रांग बरेचदा तशीच राहते. पुढच्या सगळ्या फ्रेमा वेळेवर, समान अंतराने येतात, पण प्रत्येक एका फेरीने शिळी असते. आपल्या हिशेबातल्या दुसऱ्या फोनला कायमचे ८ मिलिसेकंद जास्त लागत होते ते यामुळेच.

म्हणजे लय आणि ताजेपणा यांत ओढाताण आहे. ज्या फोनची ताकद कमी किंवा बांधणी ढिली, त्याला लय टिकवायला रांग लागते आणि त्याचं पान बोटामागे रेंगाळतं. रांग कमी केली तर पान बोटाजवळ येतं, पण गचके बसायला लागतात. दोन्ही एकाच वेळी साधायचं तर प्रत्येक फ्रेम ८.३३ मिलिसेकंदांच्या बरीच आत, समजा पाच-सहामध्ये तयार व्हायला हवी, म्हणजे रांगेची गरजच पडत नाही. महाग फोनमध्ये आपण पैसे मोजतो ते या शिल्लक वेळेसाठी.

घरी तपासून बघायचं तर

सगळ्यात आधी फोन खरोखर १२० वर चालतोय का ते बघा, कारण खोक्यावरचा आकडा ही वरची मर्यादा असते. बॅटरी वाचवण्यासाठी फोन काही अ‍ॅपमध्ये ६० वरच राहतो, काही फोन पान थांबत आलं की मध्येच उतरतात, आणि आयफोनचा लो पॉवर मोड चालू केला की १२० चा पडदाही ६० वर येतो. अँड्रॉइडमध्ये डेव्हलपर ऑप्शन्समध्ये `Show refresh rate` चालू केलं की कोपऱ्यात चालू आकडा दिसतो. फक्त हा आकडा पडद्याचा असतो, फ्रेमांचा नाही. तो १२० दाखवत असतानाही फ्रेमा चुकत असू शकतात.

उशीर मोजायला दुसऱ्या फोनचा स्लो मोशन कॅमेरा पुरतो. तो २४० फ्रेमांवर लावा, स्टँडवर स्थिर ठेवा आणि पहिल्या फोनवर अंगठा न उचलता पान भराभर वर-खाली घुसळा. मग चित्रफीत एकेक फ्रेम पुढे नेत बघा. अंगठा वळला ती फ्रेम आणि पान वळलं ती फ्रेम, यांच्यातलं अंतर मोजा. प्रत्येक फ्रेम ४ मिलिसेकंदांहून थोडी जास्त. अंतर ७-८ फ्रेमांचं आलं तर उशीर ३० च्या आसपास, १२-१३ चं आलं तर ५० च्या वर. वळणाचा नेमका क्षण ठरवताना एक-दोन फ्रेमांची चूक होते, म्हणून पाच-सहा वळणं मोजून मधला आकडा घ्यावा. हीच चाचणी फोन चार्जिंगला लावूनही करून बघा. निकृष्ट चार्जरमधून येणारा विजेचा गोंगाट टच कंट्रोलरच्या मोजणीत मिसळतो. मग कंट्रोलरला जास्त गाळणी लावावी लागते आणि पान एक तर थरथरतं किंवा मागे पडतं.

लय मोजायला संगणकाची गरज लागते. फोन केबलने जोडून, सेटिंग्जचं पान उघडं ठेवून पहिली आज्ञा द्यायची. मग अर्धा मिनिट पान झटके देत सरकवायचं आणि दुसरी आज्ञा द्यायची:

```
adb shell dumpsys gfxinfo com.android.settings reset
adb shell dumpsys gfxinfo com.android.settings
```

बरीच मोठी यादी येते. तिच्यात `Janky frames`, `90th percentile` आणि `99th percentile` या ओळी बघायच्या. `90th percentile` समोर 7ms असेल तर शंभरातल्या नव्वद फ्रेमा सात मिलिसेकंदांच्या आत झाल्या. आकडा चांगला आहे, पण तेवढ्यावर समाधान मानू नये. त्याच फोनच्या `99th percentile` समोर 30ms असेल तर शंभरातली एक फ्रेम तीन-तीन फेऱ्या चुकवते आहे. १२० हर्ट्झवर शंभरातली एक म्हणजे सेकंदाला एकाहून जास्त. पान धावत असताना दर सेकंदाला एक मोठा गचका कुणाच्याही लक्षात येतो. म्हणून दोन फोनांची तुलना करताना नव्व्याण्णवचा आकडा आधी बघायचा, सरासरी नंतर. या साधनाची एक मर्यादा आहे. ते अँड्रॉइडच्या नेहमीच्या साच्यातून रंगवलेल्या फ्रेमाच मोजतं. गेम किंवा फ्लटरमधल्या अ‍ॅपबद्दल त्याने सगळं आलबेल दाखवलं तर त्याला अर्थ नसतो.

आता हातात असलेल्या फोनचं काय? गचके सुधारण्यासारखे असतात. बॅटरी सेव्हर बंद करून, स्टोरेजमध्ये थोडी जागा मोकळी करून किंवा अ‍ॅपची नवी आवृत्ती घेऊन फरक पडू शकतो, आणि कंपनीने अपडेटमध्ये प्रोसेसरच्या वेगाची मांडणी बदलली तर तोच फोन नवा वाटू लागतो. गचके सगळीकडे बसत असतील तर दोष फोनचा, एकाच अ‍ॅपमध्ये बसत असतील तर बहुधा त्या अ‍ॅपचा. उशिराचं तसं नाही. त्यातला रांगेचा वाटा अपडेटने कमी होऊ शकतो, पण टच कंट्रोलर पडदा किती वेगाने तपासतो आणि त्याच्या मोजणीत किती थरथर आहे, हे कारखान्यातच ठरून आलेलं असतं. ते नंतर फारसं बदलत नाही. म्हणून दुकानात झटका देऊन पान पळवायच्या आधी अंगठा न उचलता ते घुसळून बघावं. झटक्याच्या परीक्षेत काठावर पास झालेला फोन पुढे सुधारू शकतो, घुसळण्याच्या परीक्षेत नापास झालेला मात्र शेवटपर्यंत तसाच वापरावा लागतो.